पाचवा नाही, सहावा

"सगळे सारखेच तर आहेत, त्यातला बरा दिसला तो टाकला." शहरातल्या एका अल्बमवाल्याचं हे वाक्य माझ्या डोक्यातून अजून गेलेलं नाही. मी त्याला फोटोचा नंबर लिहून दिला होता, सहावा. त्यानं पाचवा छापला, तोही १२ बाय १८ इंचात, काचेच्या फ्रेमसाठी. बोलणी मला खावी लागली. "एवढा महागाचा कॅमेरा, अन् लेकराचं तोंडच धुरकट?" असं लेकराचे आजोबा, आबा, चारचौघांत म्हणाले.

प्रसंग पोळ्याचा. आमच्या देवणीत बैल म्हणजे काय, हे इथल्या माणसाला सांगायची गरज नाही. गावाच्या नावाची जात आहे. आबांची जोडी वानेरा, अंगानं पांढरीशुभ्र आणि तोंडाच्या दोन्ही बाजूंनी काळी. शिंगांना रंग, टोकाला लाल-पिवळे गोंडे, अंगावर झूल. मारुतीच्या देवळाकडं निघालेल्या त्या जोडीच्या पुढं आबांचा पाच वर्षांचा नातू माझ्याकडं पळत आला. मी बटण दाबून धरलं आणि नऊ फोटो निघाले. आभाळ भरलेलं, संध्याकाळ व्हायला आलेली. ८५ची लेन्स, अ‍ॅपर्चर २.८, शटर १/६४०. तेवढ्या उजेडात याहून जास्त काही मागता येत नव्हतं.

आता हे नऊ फोटो सारखे का नाहीत, ते सांगतो. कॅमेरा सेकंदाला दहा फोटो काढतो. पळणारं लेकरू सेकंदाला तीनेक मीटर येतं, म्हणजे दोन फोटोंच्या मध्ये ते फूटभर पुढं सरकतं. तीन मीटरवरून या लेन्सला स्पष्ट दिसणारा पट्टा जेमतेम वीस सेंटिमीटरचा असतो. त्या पट्ट्याबाहेर जे जाईल ते मऊ पडणार. फोकस लेकराच्या मागोमाग पळत असतो, पण मध्येच एखादी भडक, ठळक कडांची वस्तू आली की तिला चिकटतो. इथं ती वस्तू शिंगाचा गोंडा होती, पोराच्या तोंडामागं साठेक सेंटिमीटरवर.

घरी येऊन मोठ्या स्क्रीनवर बसलो. पहिल्यात पोरगं लांब आणि बैलाचं शिंग कापलेलं. दुसऱ्यात आणि तिसऱ्यात डोळे मिटत आलेले. पापणी लवायला सेकंदाचा दहावा भाग तरी लागतोच, कधी तिप्पट-चौपट, त्यामुळं एका उघडझापीत दोन-तीन फोटो सहज जातात. अर्ध्या उघड्या डोळ्यांचं लेकरू झोपेतून उठवल्यासारखं दिसतं. ते बाजूला काढले. आठव्यात मान वळलेली, नवव्यात हात तोंडावर आलेला. उरले चौथा, पाचवा, सहावा आणि सातवा.

या चौघांचे डोळे शंभर टक्के मोठे करून पाहिले. आधी कॅमेऱ्याकडचा डोळा, पापणीचे केस, मग बुबुळात उमटलेला आभाळाचा पांढरा ठिपका. हा ठिपका सगळं सांगतो. तो बारीक आणि काठ धरून असेल तर फोकस बरोबर. फुगून चहूबाजूंनी पसरला असेल तर फोकस चुकलाय, आणि मग पुढं किंवा मागं दुसरं काहीतरी लख्ख सापडतंच. ठिपका एकाच दिशेला ओढल्यासारखा लांबट असेल तर लेकरू हललंय. आणि मागच्या भिंतीसकट सगळंच त्या एका दिशेला ओढलेलं असेल तर हललाय तो आपला हात.

सातव्यात ठिपका वरून खाली लांबट होता, भिंत मात्र ओढलेली नव्हती. पाऊल जमिनीवर आपटलं तेव्हा डोकं खाली आलं होतं. उडी मारणारं किंवा पळणारं लेकरू झेपेच्या शेंड्याला असतं तेव्हा त्याचं डोकं क्षणभर ना वर जातं ना खाली, म्हणून चेहरा तिथं जास्त टिकतो. चौथ्यात आणि पाचव्यात ठिपका फुगलेला आणि मागचा गोंडा धाग्याधाग्यानिशी स्पष्ट. सहाव्यात झेप शेंड्याला, पापण्यांचा एकेक केस मोजता यावा असा चेहरा. फक्त उजव्या हाताची बोटं हललेली. बोटं हलली तर हलू द्या, पळणाऱ्या लेकराचा हात हलणारच. म्हणून सहावा.

अल्बमवाल्याला पाचवा का आवडला, तर त्यात हसू मोठं होतं, पुढचे दात दिसत होते. त्यानं तो मोबाइलवर पाहिला. मी हिशेब केलाय. पाचव्यातला बिघाड मोबाइलच्या स्क्रीनवर पाव मिलिमीटरचा भरतो, तो दिसतच नाही. तोच १८ इंची प्रिंटवर जवळजवळ दोन मिलिमीटरचा होतो. डोळ्याच्या प्रत्येक बारीक ठिपक्याचा दोन मिलिमीटरचा गोळा झाला, तर तोंड धुरकट दिसणार नाही तर काय? छापण्याआधी त्यानं त्यावर शार्पन चढवलं. पण हरवलेली पापणी अशी परत येत नाही, गालाच्या कडेला पांढरी रेघ तेवढी उमटते. तीही उमटली.

मी फोन केला तर म्हणाला, "पाचव्याची फाइल जास्त एमबीची आहे, म्हणजे तोच शार्प." ही समजूत पार खोटी नाही. एकसारख्या जेपीईजी फायलींत बारकावे जास्त तिची फाइल मोठी होते. पण ते बारकावे कुठले, हे फाइल सांगत नाही. इथं ते गोंड्याचे आणि झुलीवरच्या आरशांचे होते. यंत्राला बैलाचा साज आणि लेकराचा डोळा सारखाच, आपल्याला तो सारखा नसतो.

मी नंबर लिहून दिला होता, हे आबांना दाखवलं. त्यांनी चिठ्ठी पाहिली आणि म्हणाले, "आमाला काय कळतंय त्यातलं? नाव तुमचंच हाय ना फोटोवर?" याला उत्तर नाही. पैसे अल्बमवाल्यानं घेतले, बोलणी मी खाल्ली, आणि दुसरी प्रिंट माझ्या खिशातून काढून दिली.

एवढं सांगून एक गोष्ट लपवणार नाही. पाचव्यातलं हसू सहाव्यात नाही. सहाव्यात ते ओसरायला लागलंय, दात झाकले गेलेत. पोराची माय दोन्ही फोटो समोर ठेवून बसली तेव्हा तिचं बोट पाचव्यावरच गेलं. स्टेटसला ठेवायचा असता तर मीही पाचवाच दिला असता. हसू आणि डोळा दोन्ही एकाच फोटोत मिळतील असं दरवेळी होत नाही. भिंतीवर लागणाऱ्या फोटोत मात्र मी डोळाच धरतो, कारण थोडं कमी हसू कुणाला खटकत नाही, धुरकट डोळा रोज खटकतो.

व्हॉट्सअ‍ॅपवर आलेल्या फोटोवरून मोठी प्रिंट कधी ठरवू नका. साध्या पद्धतीनं पाठवलेला फोटो लांबीला सोळाएकशे पिक्सेलवर येतो, आणि १८ इंचाला चांगल्या छपाईसाठी ५४०० लागतात. लेकराचे एकसारखे दहा फोटो समोर आले तर मूळ फायली मागा, मोठ्या स्क्रीनवर डोळ्यातला तो पांढरा ठिपका बघा आणि मगच नंबर सांगा. आणि अल्बमवाल्यांनो, फोटोग्राफरनं नंबर लिहून दिला असेल तर तोच छापा, शंका आली तर आधी फोन करा.