पिशवीचा हिशेब

गेल्या आषाढात भोरच्या एस. टी. स्थानकावर आमची फजिती झाली. वाण्याने कागदी पिशवीत बांधून दिलेली दोन किलो साखर पावसाच्या एका सरीने पायरीवर सांडली आणि मुंग्यांचे सोने झाले. घरी येताच वहिनींनी वाण्यास यथेच्छ नावे ठेविली. आम्हीही प्रथम त्यांच्याच सुरात सूर मिळविला. परंतु रात्री विचार केला की, त्या वाण्याने तरी काय करावे? प्लॅस्टिकची पिशवी द्यावी तर दंड, कागदाची द्यावी तर शिव्या! तेव्हा दोष देण्याआधी त्यांसच विचारावे, असे ठरवून पुढील पंधरवड्यात आम्ही एक वही व घरातील लहान तराजू घेऊन भोरच्या व वेल्ह्याच्या बाजारात हिंडलो. प्रत्येकास प्रश्न तीनच केले: माल कशात देता, त्यास काय पडते, आणि तेच का वापरता?

कायद्याची गोष्ट थोडक्यात सांगून टाकतो. महाराष्ट्र शासनाने २३ मार्च २०१८ रोजी अधिसूचना काढून प्लॅस्टिकच्या हातपिशव्या व थर्माकोलची ताटे-वाट्या बंद केल्या. पहिल्या गुन्ह्यास ५,००० रुपये दंड, दुसऱ्यास १०,००० आणि तिसऱ्यास २५,००० रुपयांसह तीन महिन्यांची कैद, अशी चढती भाजणी आहे. पुढे १ जुलै २०२२ पासून केंद्र सरकारनेही प्लॅस्टिकचे चमचे, पेले, नळ्या इत्यादी जिनसा देशभर बंद केल्या. दिवसाकाठी तीनचारशे रुपये सुटणाऱ्या भाजीवालीच्या दृष्टीने पहिला दंड म्हणजेच पंधरवड्याची कमाई होय.

आता किराणा दुकानदाराचा हिशेब पाहा. बंद झालेली पातळ पिशवी, वीत-सव्वा वीत आकाराची, आम्ही तोलून पाहिली. ती जेमतेम दोन ग्रॅम भरली. म्हणजे किलोत पाचशे पिशव्या, आणि किलोचा भाव दीडशे रुपये धरला तर नगास तीस पैसे पडत. तेवढ्याच कामाची खाकी कागदाची पिशवी दहाबारा ग्रॅमची असते. दुकानदारांनी सांगितलेल्या ७०-८० रुपये किलोच्या भावाने ती पाऊण-एक रुपयास पडते. एका वृद्ध वाण्याने आम्हांस हसत हसत सांगितले, "काका, साखरेत किलोमागे दीड-दोन रुपये सुटतात. त्यातला निम्मा पिशवीनेच नेला, तर तराजू धरायचा कशाला?"

मग तो काय करतो? रद्दी वापरतो. वर्तमानपत्राचा दुपानी ताव सोळा-सतरा ग्रॅमचा. त्याचे चार तुकडे केले की किलोत सुमारे २४० पुड्या होतात. वीस-बावीस रुपये किलोने रद्दी घेतली, तर पुडीस आठनऊ पैसेच पडले! प्लॅस्टिकपेक्षाही हा पर्याय स्वस्त; म्हणूनच तो सर्वत्र दिसतो. परंतु येथे एक मेख आहे. अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या २०१८ च्या नियमांप्रमाणे वर्तमानपत्रात खाद्यपदार्थ बांधण्यास मनाई आहे, कारण छपाईच्या शाईतील अपायकारक द्रव्ये अन्नात उतरतात. तेलकट, गरम भज्यांस तर ती फारच लवकर लागतात. म्हणजे सर्वांत स्वस्त पर्याय हाच खाद्यपदार्थांस निषिद्ध! खिळे, साबण, उदबत्ती यांस मात्र तो उत्तम.

ओल्या मालाची कथा निराळी. मटणवाला पळसाच्या पानांत माल बांधून वर कागद गुंडाळतो. पाने रानातून येतात, त्यांस खर्च केवळ आणणाराच्या मजुरीचा. हार विकणाऱ्या बाईनेही पानाचा द्रोण व दोरा दाखविला. "दादा, पानात फूल कोमेजत नाही, प्लॅस्टिकात घाम येऊन काळं पडतं," असे ती म्हणाली. येथे जुना पर्याय स्वस्तही आहे आणि सरसही. दह्याचे मात्र तसे नाही. ते पानात मावत नाही, कागदात टिकत नाही. गिऱ्हाइकाने डबा आणावा हाच एक उपाय. पण दुकानदार डब्यास नाखूश असतात. कारण विचारले, तेव्हा कळले की, प्रत्येकाच्या डब्याचे वजन निराळे. आधी रिकामा डबा तोलायचा, मग भरलेला, आणि तेवढ्यात मागच्या गिऱ्हाइकांची रांग खोळंबते.

भोरहून चेलाडी फाट्यावरून आम्ही वेल्ह्यास गेलो. तोरण्याच्या पायथ्याचे हे गाव. जून ते सप्टेंबर येथे पाऊस असा कोसळतो की कागदी पिशवी दुकानातल्या दुकानातच सर्द होऊन फाटते. शिवाय लहान दुकानदार पुण्याहून थोडथोडा माल आणतो, त्यामुळे घाऊक भावाचा लाभ त्यास मिळत नाही. म्हणून येथे पावसाळ्यात बहुतेकांनी रंगीत, 'कापडी' म्हणून मिळणारी पिशवी धरली आहे. नगास तीन रुपये. "कापडाची आहे, चालते," असे एकाने विश्वासाने सांगितले. आम्ही तिचा एक कोपरा कापून काडी लावली. तो वितळून थेंब थेंब गळू लागला आणि मेणासारखा वास आला. सुती कापड कागदासारखे जळून राख होते; हे गळाले, म्हणजे प्लॅस्टिकच! तो गृहस्थ अगदी पांढरा पडला. बिचाऱ्याने तीन रुपये मोजून दंडाची जोखीमच विकत घेतली होती. खरी सुती पिशवी बारा-पंधरा रुपयांस मिळते. वीस रुपयांच्या भाजीबरोबर ती फुकट कोण देणार?

एका मिठाईवाल्याकडे 'विघटनशील' म्हणून मिळणारी पिशवी होती. तीवर भारतीय मानक १७०८८ हा क्रमांक व प्रमाणपत्राचा छाप असावा लागतो. नसल्यास तिचा भरवसा धरू नये. असली तरी ती साठ अंशांच्या आसपास तापलेल्या मोठ्या खतकारखान्यांतच नीट कुजते. ओढ्यात टाकली, तर दीर्घकाळ तशीच राहणार.

वही मिटताना आमच्या ध्यानात आले की, कोणता पर्याय चांगला हा प्रश्नच अपुरा आहे. माल कोरडा की ओला, ऋतू कोणता आणि पिशवीचे पैसे कोणाच्या गाठीचे, यांवर सारे ठरते. पानास व डब्यास दुकानदाराचा खर्च नाही, म्हणून ते टिकू शकतात. कापड मात्र गिऱ्हाइकानेच घरून आणले तर परवडते.

घरी येऊन आम्ही एक लहानशी सुधारणा केली. दह्याच्या व तेलाच्या डब्यांच्या बुडाशी रिकाम्या डब्याचे वजन खिळ्याने कोरून ठेविले. दह्याच्या दुकानदाराने पहिल्या दिवशी खात्री करून घेण्यासाठी डबा एकदा तोलून पाहिला. दुसऱ्या खेपेपासून आकडा वाचून नुसते दही घालू लागला. साखरेसाठी वहिनींनी जुन्या धोतराच्या दोन पिशव्या शिवल्या आहेत. आता वाण्यास नावे ठेवण्याचे काम घरात तूर्त बंद आहे.