चऱ्याचा रुपया

सांगलीच्या एका जुन्या किराणा व्यापारी घराण्यात एक पितळी डबी आहे. तिच्यात हाताएवढी तागडी, चांदीचे दहा रुपये आणि फडक्यात गुंडाळलेला अकरावा रुपया आहे. घरातील सर्वांना ठाऊक असलेली हकिकत अशी, की अकरावा रुपया म्हणजे पणजोबांच्या दुकानाची पहिली भवानी. लक्ष्मीपूजनाच्या दिवशी तो वहीजवळ ठेवला जाई आणि पाहुण्यांना हीच गोष्ट सांगितली जाई.

कॅनडात नोकरीला असलेल्या नातीने सत्त्याऐंशी वर्षांच्या आजीला प्रथम ईमेल पाठविली ती एका ओळीची होती. ‘आजी, डबीची गोष्ट विसरण्यापूर्वी लिहून पाठव ना.’ चिरंजीवांनी ती आईला वाचून दाखविली. आजींनी उत्तर लिहविले, तेही एका ओळीचे. ‘पहिली भवानी आहे, जपून ठेवली आहे.’ मोघम प्रश्नाला पाठ झालेलेच उत्तर मिळाले.

महिन्याने दुसरी ईमेल आली. या वेळी चिरंजीवांनी ती कागदावर छापून आणली. नातीने लिहिले होते :

‘आजी, गेल्या दिवाळीत मी ते रुपये स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवून पाहिले होते. दहा रुपये साडेअकरा ग्रॅमच्या वर भरतात, फडक्यातला मात्र 11.2 भरतो. दहांवर जॉर्ज बादशहा आहे, यावर व्हिक्टोरिया राणी आणि साल 1862. याच्या कडेला कानशीने पाडलेला चरा आहे. भवानीच्या रुपयाला चरा कोण पाडील? तो कुणी पाडला आणि तू तो प्रथम कधी पाहिलास, एवढेच सांग.’

आजी तो कागद घेऊन दोन दिवस बसून राहिल्या. कारण उत्तर त्यांना ठाऊक होते.

ज्यांनी तोळा हाताळला नाही त्यांच्यासाठी थोडे सांगावयास हवे. इंग्रजी अमदानीतील चांदीचा रुपया बरोबर एक तोळा वजनाचा, म्हणजे आजच्या हिशेबाने सुमारे 11.66 ग्रॅमचा असे. त्यामुळे केशर, हिंग, जायपत्री असा किमती माल तोलताना दुकानदार पारड्यात रुपयाच टाकीत. तोळ्याचे बारा मासे आणि माशाच्या आठ गुंजा. हातोहात फिरलेला रुपया मात्र झिजतो, आणि झिजलेला रुपया वजनाच्या पारड्यात पडला की मालाच्या पारड्यात तेवढा माल कमी येतो. चऱ्याच्या रुपयात अर्धा ग्रॅम, म्हणजे चार गुंजांची तूट होती. तोळ्याच्या शहाण्णव गुंजांपैकी चार, म्हणजे चोवीस तोळे विकले की एक तोळा दुकानातच उरे.

आजींनी चिरंजीवांकडून वही मागून घेतली आणि स्वतःच्या हाताने उत्तर लिहिले. आरंभीच त्यांनी स्पष्ट केले : ‘जे मी पाहिले ते वेगळे लिहिते, जे सासूबाईंकडून ऐकले ते वेगळे. दोन्ही एक करू नकोस.’

पाहिलेले थोडे होते. 1957 साली त्या सून म्हणून आल्या तेव्हा डबी दुकानात वापरात होती आणि चऱ्याचा रुपया तेव्हाही फडक्यातच होता. 1958 च्या ऑक्टोबरपासून देशात टप्प्याटप्प्याने किलो-ग्रॅमची वजने सुरू झाली. पुढे दुकानात शिक्क्याची नवी वजने आली, तोळ्याचा व्यवहार थांबला आणि डबी घरी आली. भवानीची गोष्ट त्यानंतरची. ती आजींच्या यजमानांनी प्रथम एका पाहुण्याला सांगितली, आणि त्या वेळी आजी चहा घेऊन दारातच उभ्या होत्या.

ऐकलेले ते असे. दहा रुपयांतला एक हरवला, म्हणून मामंजींनी गल्ल्यातला एक जुना रुपया डबीत टाकला. त्यानंतर आठ महिन्यांनी एक वैद्य दुकानात आले. ते दर महिन्याला तोळाभर केशर उधारीवर नेत. त्यांनी घरी सोनाराच्या वजनाने तोलले, तर माल कमी भरला होता. मामंजींनी गिऱ्हाइकांसमोरच तागडी उचलली. एका पारड्यात एक रुपया, दुसऱ्यात दुसरा, असे जोडीने तोलत गेले. जुना रुपया येताच पारडे वर गेले. मग त्यांनी दोन्ही रुपयांची पारडी बदलली. दोष दांडीत असता तर पारडे त्याच बाजूला वर राहिले असते. पण वर गेले ते दुसऱ्या बाजूचे, जुना रुपया असलेले. दोष रुपयाचा ठरला.

त्यांनी खातेवही काढली. आठ महिन्यांचे आठ तोळे, तोळ्यामागे चार गुंजा, एकूण बत्तीस गुंजा, म्हणजे चार मासे. वैद्यांचे केशर दर वेळी त्याच रुपयाने तोलले असेल असे नव्हते, तरी हिशेब सर्व आठ तोळ्यांचा धरला आणि चार मासे केशर पुडीत बांधून दिले. उधारीच्या इतर गिऱ्हाइकांचेही तसेच केले. पण रोखीने नेणाऱ्यांची नावे वहीत नव्हती. त्यांचे काय करावयाचे, हे मामंजींना शेवटपर्यंत सुचले नाही. त्या रात्री त्यांनी कानस घेऊन रुपयाला चरा पाडला, तो पुन्हा चुकून पारड्यात पडू नये म्हणून. मोडीत मात्र घातला नाही. सासूबाईंनी कारण विचारले तेव्हा ते म्हणाले, “ज्यांचे देणे राहिले त्यांची नावे नाहीत. निदान खूण तरी राहू दे.”

चिरंजीवांनी हे पत्र वाचले आणि ते अस्वस्थ झाले. “आई, हे पाठवू नकोस. दुकान अजून चालू आहे. घराण्याचे वजन कमी भरत होते, असे आपणच लिहून ठेवायचे? भवानीची गोष्ट काय वाईट आहे?”

आजी म्हणाल्या, “तुझ्या वडिलांनाही लाज वाटली, म्हणून त्यांनी भवानी सांगितली. मीही साठ वर्षे गप्प बसले. पण मामंजींनी चरा लपविण्यासाठी पाडला नव्हता. माझ्यामागे हा रुपया वर्षातून एकदा पुजला जाईल, आणि तो कशासाठी ठेवला हे कुणालाच ठाऊक नसेल. मग तो ठेवून उपयोग काय?”

चिरंजीव बराच वेळ बोलले नाहीत. मग त्यांनी पत्राच्या चारही पानांची छायाचित्रे काढून मुलीला पाठविली.

नातीचे उत्तर रात्रीच आले. तिने आणखी एक प्रश्न विचारला होता : हे घडले ते साल कोणते? आजींनी लिहविले, ‘सासूबाईंनी साल सांगितले नव्हते. त्या वेळी त्यांच्या कडेवर तुझे आजोबा होते, एवढे म्हणाल्या होत्या. त्यावरून तू काढ.’ आजोबांचा जन्म 1934 चा. त्यावरून 1935 ते 1937 असा अंदाज नातीने बांधला आणि त्यापुढे ‘अंदाज’ असे लिहून ठेवले.

या दिवाळीत डबी नेहमीप्रमाणे वहीजवळ ठेवली गेली. पाहुण्यांनी विचारले तेव्हा चिरंजीवांनी फडके सोडले, रुपया हातावर घेतला आणि चरा दिसेल अशा बाजूने पुढे धरला.