बासरी आणि भोंगा

पावसाळ्यात नेरळहून माथेरानची गाडी बंद असते. वर अमन लॉज ते माथेरान शटल तेवढी चालू राहते. आमच्या पॉडकास्टचा छोट्या गाडीवरचा भाग नेमका जुलैत करायचा होता, म्हणून गाडीचा आवाज नेटवरून घ्यायचा ठरला. भाच्याने शिट्टी शोधली, मी सुरुवातीला वाजवायला बासरीचा एक तुकडा. दोन्हींवर ‘रॉयल्टी-फ्री’ लिहिलेलं. मला वाटलं, फुकट, वापरा कसंही. खरं तर या शब्दाचा अर्थ एवढाच, की दर वापरामागे मानधन मोजावं लागत नाही. काही ठिकाणी आधी एकदा पैसे भरावे लागतात, आणि अटी तर असतातच.

बासरीच्या पानावर खाली CC BY-NC-ND 4.0 असं होतं. मी ते क्रमांकासारखं वाचून पुढे गेलो होतो. BY म्हणजे श्रेय द्या, NC म्हणजे कमाईसाठी नको, ND म्हणजे बदललेलं रूप प्रसिद्ध करू नका. पॉडकास्टमध्ये आम्ही तुकडा जसाच्या तसा, बोलणं सुरू होण्याआधी वाजवला होता. वर्णनात कलाकाराचं नाव आणि दुवा होता, कमाई शून्य. तिथे अडचण नव्हती.

दिवाळीच्या आधी त्या भागाचा व्हिडिओ करायला घेतला. जुम्मापट्टीच्या वळणांवर बासरी छान बसली. एडिटिंग करणाऱ्या मैत्रिणीने पाहिलं आणि म्हणाली, “अहो, ही काढावी लागेल.”

“एक सूरही बदललेला नाही.”

“चित्राला जुळवून लावलीत ना? लायसन्समध्ये तेच रूपांतर धरतात.”

मला हे अतिरेकी वाटलं. मग मूळ मजकूर उघडला. त्यात स्पष्ट लिहिलंय: संगीत हलत्या चित्राशी वेळ जुळवून जोडलं, की ते रूपांतरित साहित्यच. म्हणजे ND असलेली धून व्हिडिओखाली टाकायची, तर कलाकाराची वेगळी परवानगी हवी. आम्ही बासरी काढली आणि नुसती CC BY असलेली धून घेतली. तिच्यासाठी वर्णनात धुनेचं नाव, कलाकार, मूळ पानाचा दुवा, लायसन्सचा दुवा आणि ‘शेवट कापला आहे’ ही नोंद दिली. पान पुढे बदललं तर हाताशी असावा म्हणून त्या दिवशीचा स्क्रीनशॉटही ठेवला.

शिट्टी Freesound वरची होती. तिथे प्रत्येक फाइलचं लायसन्स वेगळं असतं, आमच्या फाइलवर NC निघालं. भाचा चॅनेलवर जाहिराती सुरू करणार होता, तेव्हा तीही गेली. शिवाय ती परदेशी वाफेच्या इंजिनाची होती, आणि आपल्याकडे रोज धावतं ते डिझेल. हे गावातल्या एका आजोबांनी पॉडकास्ट ऐकताक्षणी ओळखलं होतं!

गाडी पुन्हा सुरू झाल्यावर नेरळ फलाटावर मोबाइल धरून भोंगा आम्हीच टिपला, अकरा सेकंद. तो Freesound वर CC0 खाली ठेवलाय. व्हिडिओला लावा, कापा, श्रेय नाही दिलंत तरी चालेल.