मु. ठाकूरवाडी, ता. खालापूर

कर्जत आणि खालापूर या दोन तालुक्यांत टपालाचा बटवडा करीत असताना ज्या एका नावाने मला सर्वांत अधिक विचार करावयास लावले, ते ठाकूरवाडी हे होय. सह्याद्रीच्या पायथ्याशी जेथे जेथे ठाकर समाजाने माळावर घरे बांधली, तेथे तेथे लगतच्या गावाने त्या वस्तीस बहुधा हेच नाव दिले. आणि ज्याच्या नावे पत्र यावयाचे तो इसम आपल्या वाडीस वाडी एवढेच म्हणत असल्याकारणाने, मुंबईस मजुरीला गेलेला त्याचा मुलगाही पत्त्यात त्याहून अधिक काही लिहीत नसे. १९७२ साली सुरू झालेल्या सहा आकडी पिनक्रमांकाने पत्र बटवड्याच्या कचेरीपर्यंत बिनचूक येऊ लागले खरे, परंतु कचेरीच्या उंबरठ्यापाशी त्या आकड्यांचे काम संपे. तेथून पुढे आम्ही प्रथम ‘पो.’ या अक्षरापुढील गाव पाहावयाचे, मग आडनाव, आणि त्यानेही उलगडा न झाल्यास पाठविणारा कोण याचा विचार करावयाचा. एवढे करूनही ठाव लागला नाही, तरच ‘पत्ता अपुरा’ असा शेरा मारून पत्र परत.

गेल्या वर्षी दिवाळीनंतर आमच्या भागात नव्याने रुजू झालेला एक तरुण पोस्टमन असेच एक नोंदणीचे टपाल घेऊन माझ्या घरी आला. त्याच्या मोबाईलवरील नकाशाने त्याला कर्जतच्या बाजूस असलेली एक ठाकूरवाडी दाखविली होती आणि तेथे त्या नावाचा कोणीही राहत नव्हता. लिफाफ्यावर तालुका खालापूर असा स्पष्ट होता. शिवाय ते आडनाव मी चौकच्या टापूत इर्शाळगडाच्या बाजूस वर्षानुवर्षे वाचलेले होते. ती वाडी मी त्याला सांगितली. त्याने ती पडद्यावर शोधली, तेव्हा चार-पाच छपरे उपग्रहाच्या चित्रात दिसली, परंतु तेथपर्यंत जाणारी रेषाच नव्हती. आणि जी वाट मी माझ्या आठवणीतून सांगू लागलो, ती अर्ध्यावर निळ्या रंगात शिरत होती.

तो निळा रंग मोरबे धरणाचा. धावरी नदीवर बांधलेल्या या धरणातून नवी मुंबईला पाणी जाते. आणि माझ्या उमेदीच्या काळात जेथून मी खांद्यावर थैली टाकून नदीच्या काठाकाठाने जात असे, ती सारी जमीन आता जलाशयाच्या तळाशी आहे. धरणानंतर त्या बाजूचा बटवडा माझ्याकडे राहिला नव्हता, त्यामुळे लोकांनी कोणती नवी वाट पाडली हे मला ठाऊक नव्हते. आणि ती पाडली असणार याविषयी शंका नव्हती, कारण मनुष्यवस्ती असेल तेथे वाट असतेच.

आम्ही दोघांनी शोध सुरू केला तो गावनकाशापासून. भूमी अभिलेख कार्यालयात मिळणाऱ्या या जुन्या मोजणीच्या नकाशात गाडीमार्ग दुहेरी तुटक रेषेने आणि पायमार्ग एकेरी तुटक रेषेने काढलेला असतो. तो पायमार्ग सव्वाआठ फूट रुंदीचा धरतात, म्हणजे मोजणीच्या तेहतीस फुटी साखळीचा चतुर्थांश. मोबाईलमधील नकाशा मुख्यतः वाहनांच्या रहदारीवर पोसलेला असल्यामुळे, जेथे चाक गेले नाही तेथे तो बहुधा मुका असतो. उलट, जमाबंदीच्या दफ्तराला बैलगाडी आणि पायी जाणारा या दोघांचीही दखल घ्यावी लागली होती. मात्र त्या तुटक रेषेवरून आज कोणी चालते किंवा नाही, हे सांगण्याचे सामर्थ्य त्या कागदातही नाही.

म्हणून चालावेच लागले. जागा हलत नाहीत अशा तीन खुणा मी आधी निश्चित केल्या: रस्त्यालगतचा देवीचा चौथरा, दोन ओढ्यांचा संगम आणि ज्या कातळावर आम्ही बसून डबा खात असू तो कातळ. प्रत्येक खुणेपाशी थांबून पोस्टमनाने मोबाईलमध्ये बिंदू घेतला आणि मधल्या चालीचा माग आपोआप नोंदला जाऊ दिला. माळावर तो माग सरळ उमटला. परंतु कड्याच्या कुशीत आणि दाट झाडीत शिरताच, आम्ही एके ठिकाणी उभे असूनही पडद्यावरील रेषा इकडेतिकडे भरकटू लागली. उपग्रहाचा संकेत कड्यावर आदळून परावर्तित होऊन येतो, त्यामुळे हे घडते. आणि स्थानबिंदूभोवतीचे फिकट वर्तुळ फुगू लागले की आता या रेषेवर भिस्त ठेवू नये, हे त्यावरून ओळखावे. अशा टप्प्यात आम्ही रेषा टाकून दिली व दोन्हीकडच्या मोकळ्या जागांतील बिंदू ओढ्याच्या वळणाशी जुळवून मधला भाग हाताने काढला.

वाडीतील एका वृद्ध बाईंनी मला आवाजावरून ओळखले. ‘टपालवाले बाबा, तुमची वाट बुडाली, आता आम्ही वरून येतो,’ असे म्हणून त्यांनी आपल्या नातवाला आमच्याबरोबर दिले. त्याने दाखविलेली वाट धरणाच्या पाण्याला डावीकडे ठेवून उतारावरून जाते आणि ओढा दोनदा ओलांडते. त्यांपैकी खालचा उतार पावसाळ्यात बंद असतो, हे त्याने न विचारता सांगितले, आणि माझ्या मते त्या दिवशी मिळालेल्या माहितीत हीच सर्वांत मोलाची होती. १९ जुलै २०२३ च्या रात्री याच डोंगराच्या अंगावर इर्शाळवाडी दरडीखाली गेली, तेव्हा मदतीला धावलेल्या माणसांना भर पावसात पायवाटेनेच वर चढावे लागले होते. कोणती वाट केव्हा बंद असते हे ज्या मुलुखात लिहून ठेवलेले नाही, तेथे त्या रात्री काय ओढवते ते आम्ही सर्वांनी पाहिले आहे.

वाडीच्या अंगणात उभे राहून पोस्टमनाने डिजिपिन काढला. डाक विभागाने २०२५ साली प्रसृत केलेली ही दहा अक्षरांची खूण सुमारे चार मीटर लांबीरुंदीच्या चौकोनाला दिलेली असते, आणि कोठेही घरक्रमांक नसलेल्या वस्तीला तिचा आधार फार मोठा आहे. परंतु तेथेही तोच अनुभव आला: झाडाखाली त्याच दाराशी थोड्या वेळाने पुन्हा पाहिले तेव्हा शेवटचे अक्षर बदलले होते, कारण मोबाईलची चूक त्या चौकोनाहून मोठी होती. म्हणून मोकळ्या अंगणात वर्तुळ आकसेपर्यंत थांबून मिळालेलीच अक्षरे आम्ही वहीत उतरविली आणि प्रत्येकापुढे घरधन्याचे नाव लिहिले. ही खूण दार दाखविते. दारापर्यंतची वाट मात्र दाखवीत नाही, आणि पोस्टमनाचे पाय तर वाटेवर पडतात.

ती वाट त्याने सर्वांना खुल्या असलेल्या ओपनस्ट्रीटमॅप या नकाशात highway=path अशी नोंदविली आणि ओढ्याच्या दोन्ही ओलांडणीवर ford=yes अशी खूण केली; खालचा उतार पावसाळ्यात बंद असल्याचे तेथेच टिपणात लिहिले. जलाशयाखालील जुनी वाट नोंदवावी काय, असे त्याने मला विचारले. मी नको म्हणालो. नकाशा पाहून निघालेल्या परक्या माणसाला तो आज चालू शकेल तेवढेच दिसावे, हा माझा आग्रह आहे. ती जुनी वाट गावनकाशाच्या प्रतीवर मी पेन्सिलीने उठवून, तिच्यावरील घरांची नावे क्रमाने लिहून ठेवली आहेत. कारण बुडालेल्या क्षेत्रातून उठून गेलेल्या कुटुंबांची पत्रे अद्याप जुन्या पत्त्यावर येतात आणि त्यांतील कोण कोठे वसले याची चौकशी त्या यादीवरूनच करता येते.

ते नोंदणीचे टपाल दुसऱ्या दिवशी सही होऊन पोचले. पोचपावती दाखवावयास पोस्टमन आला तेव्हा त्याच्या हातात आणखी एक लिफाफा होता, आणि त्यावर ‘मु. कातकरवाडी, ता. कर्जत’ एवढेच लिहिलेले होते.