दोन दिवसांचा खाडा आणि 2,409 रुपये

फेब्रुवारी 2025 चा पगार खात्यावर जमा झाला, तेव्हा आमच्या मशीन शॉपमधल्या एका कामगाराने विचारलं, "मॅडम, दोन दिवस खाडा झाला हे मान्य. पण जानेवारीपेक्षा 2,409 रुपये कमी कसे आले?" सातपूर एमआयडीसीतल्या एका लहान कारखान्यात मी पगाराचं काम बघते. हा प्रश्न मला नवा नव्हता. मी लगेच लेखी उत्तर दिलं: "एलडब्ल्यूपी 2 दिवस. पीएफ 1,560, ईएसआय 141, पीटी 300, अदर डिडक्शन 1,000. एकूण कपात 3,001. नियमानुसार बरोबर आहे."

आकडे खरोखरच बरोबर होते. तरी त्या उत्तराने त्यांचा गोंधळ वाढला, आणि तो गोंधळ मी केलेला होता.

ते दुसऱ्या दिवशी पुन्हा आले. त्यांनी चिठ्ठीवर बेरीज करून आणली होती. 3,001 कपात, शिवाय दोन दिवसांचा पगार, म्हणजे साडेचार हजारांच्या आसपास गेले पाहिजेत, मग 2,409 च कमी का? आणि अदर डिडक्शनचे हजार हे खाड्याचा दंड आहेत का? दंडाची शंका त्यांनी दबक्या आवाजात विचारली. त्या आवाजाने मला जास्त लागलं. गैरहजेरीचा पगार कापता येतो, पण तो गैरहजर दिवसांच्या प्रमाणातच. तेव्हा लागू असलेल्या 1936 च्या वेतन अदायगी कायद्याचं तसं बंधन होतं. माझ्या उत्तरामुळे एका माणसाला रात्रभर वाटत राहिलं की आपल्याला बेकायदा दंड झाला आहे.

मग मी त्यांची पगार स्लिप त्यांच्या नजरेने वाचली. खाडा कपातीच्या रकान्यात कुठेच नव्हता. तो तिथे नसतोच. आमचं सॉफ्टवेअर आधी भरलेल्या दिवसांचा पगार काढतं आणि मग त्यातून कपात करतं. म्हणजे खाड्याचे पैसे डाव्या बाजूला, मिळकत कमी होऊन गेलेले असतात. कामगार मात्र उजव्या बाजूला शोधतो. तिथे नेमकी एक बिननावाची हजाराची रक्कम दिसते, आणि तो ती खाड्याला जोडतो. खरं तर ते हजार त्यांनी जानेवारीत घेतलेल्या 4,000 रुपयांच्या उचलीचा पहिला हप्ता होता. हप्ता मार्चपासून सुरू होईल, असं त्यांनी धरलं होतं. अर्जावर "पुढील महिन्याच्या पगारातून" असं लिहिलेलं होतं आणि तो अर्ज माझ्याच फाइलीत होता. "उचल" हा एक शब्द मी लिहिला असता, तरी निम्मा प्रश्न सुटला असता.

पुन्हा लिहायला बसले तेव्हा आधी एक गोष्ट बदलली. त्यांनी कपात किती हे विचारलंच नव्हतं. जानेवारीच्या तुलनेत फरक का, हे विचारलं होतं. पीएफ तर जानेवारीतही कापला होता. म्हणून उत्तर फरकापासून सुरू केलं.

त्यांचा पूर्ण पगार 20,160. फेब्रुवारी 28 दिवसांचा, म्हणून एका दिवसाचे 720 आणि दोन दिवसांचे 1,440. उचलीचा हप्ता 1,000. व्यवसाय कर 100 रुपये जास्त. तिन्ही मिळून 2,540. पण पगार कमी भरल्यामुळे पीएफ 120 रुपयांनी आणि ईएसआय 11 रुपयांनी कमी कापला गेला. हे 131 वजा केले की बरोबर 2,409 उरतात.

यातल्या 28 ने मला थांबवलं. आमच्याकडे महिन्याच्या प्रत्यक्ष दिवसांनी भागायची पद्धत आहे. काही ठिकाणी 26 ने किंवा 30 ने भागतात. आमच्या पद्धतीत हेच दोन दिवस जानेवारीत पडले असते, तर 31 ने भागून सुमारे 1,301 रुपये गेले असते. फेब्रुवारीचा खाडा महाग पडतो. उलट फेब्रुवारीत भरलेल्या दिवसाचा दरही तितकाच जास्त असतो, त्यामुळे पूर्ण महिना भरणाऱ्याला फरक पडत नाही. हे मी वर्षानुवर्षं कुणालाही सांगितलं नव्हतं, कारण कुणी विचारलं नव्हतं. नियम आपल्याला पाठ असला की तो समोरच्यालाही ठाऊक आहे असं मी धरून चालत होते.

व्यवसाय कराचं उत्तर मी आधी "नियमानुसार" या एका शब्दात संपवलं होतं. आता लिहिलं: हा कर वर्षाला 2,500 रुपयांपेक्षा जास्त घेता येत नाही, ही मर्यादा राज्यघटनेतच आहे. महाराष्ट्रात दहा हजारांपेक्षा जास्त पगाराच्या पुरुषांकडून अकरा महिने 200 घेतात, ते 2,200 होतात. उरलेले 300 फेब्रुवारीत. त्यांच्या शेजारच्या मशीनवरच्या ताईंचा हा कर कापलेला नव्हता, हेही त्यांनी पाहिलं होतं. एप्रिल 2023 पासून 25,000 पर्यंत पगार असलेल्या महिलांना तो लागत नाही, ही ओळ त्यामुळे घातली.

पीएफचं वाक्य सोपं करताना माझी दुसरी चूक झाली. मी लिहिलं, "तुमचे 1,560 कापले, कंपनीनेही तेवढेच तुमच्या पीएफमध्ये भरले." वाचायला सोपं, पण खोटं. पाठवण्याआधी त्यांचं पासबुक कसं दिसेल याचा विचार केला, म्हणून लक्षात आलं. दोन दिवस वजा जाता त्यांचा मूळ पगार आणि महागाई भत्ता 13,000 होतो. कंपनीच्या 12 टक्क्यांपैकी 8.33 टक्के पेन्शन योजनेत जातात, म्हणजे 1,083 रुपये. पीएफ खात्यात 477 च येतात. माझं वाक्य वाचून त्यांनी पासबुक उघडलं असतं, तर कंपनीने हजार रुपये खाल्ले असंच त्यांना वाटलं असतं. शेवटी लिहिलं: "कंपनीनेही 1,560 भरले. त्यातले 477 पीएफमध्ये आणि 1,083 तुमच्या पेन्शनसाठी गेले. पासबुकात हे दोन वेगळ्या रकान्यांत दिसतील."

ईएसआयला एक ओळ पुरली: 18,720 वर पाऊण टक्का म्हणजे 140 रुपये 40 पैसे, वरचे पैसे पुढच्या रुपयात धरतात म्हणून 141, सातपूरच्या ईएसआय हॉस्पिटलातले उपचार याच वर्गणीवर मिळतात.

तो कागद मी त्यांच्या हातात दिला आणि त्यांना स्वतःला वाचू दिला. ते 28 वर थांबले. "म्हणजे 30 ने भागत नाही?" असं विचारून त्यांनी मोबाइलवर भागाकार केला आणि मान हलवली. मग त्यांना नेमकं काय हवं होतं ते कळलं: "पुढच्या महिन्यात किती येतील?" हे मात्र दुसऱ्या उत्तरातही नव्हतं. घरभाड्याचं आणि मुलीच्या क्लासच्या फीचं त्यांना आधी जुळवायचं होतं. मी तिथेच खाली पेनाने लिहून दिलं: पूर्ण हजेरी भरली तर पीएफ 1,680, ईएसआय 152, व्यवसाय कर 200, उचलीचा हप्ता 1,000, हातात 17,128. हप्ते मेपर्यंत.

सॉफ्टवेअरवाल्याला सांगून "अदर डिडक्शन"च्या जागी "उचल हप्ता" आणि त्यापुढे शिल्लक रक्कम छापून घेतली. खाड्याच्या रकमेची वेगळी ओळ मिळकतीच्या बाजूला दाखवता येत नाही, असं त्याने सांगितलं. म्हणून ज्यांचा खाडा आहे त्यांच्या स्लिपवर ती रक्कम सध्या मी हाताने लिहिते.