एका परिच्छेदातलं बेअरिंग

डेटा सायन्सच्या मास्टर्ससाठी अर्ज करताना स्टेटमेंट ऑफ पर्पज लिहावं लागतं. त्यातला एक परिच्छेद मेकॅनिकलवाल्याला फार अवघड जातो: यंत्रं सोडून इकडे का? बहुतेक जण तिथे डेटाचं महत्त्व सांगतात, केलेल्या ऑनलाइन कोर्सची नावं देतात. हे सगळं खरं असतं, पण ते कॉमर्सच्या पदवीधरालाही लिहिता येईल. माझ्या परिच्छेदात मला बेअरिंग हवं होतं, कारण मशीन लर्निंगकडे मी त्याच वाटेने आलो.

मेंटेनन्समध्ये काम करताना मी जुन्या फिटरना स्क्रू ड्रायव्हरचं टोक मोटरच्या हाउसिंगवर टेकवून मूठ कानाशी धरताना पाहिलंय. बेअरिंगच्या बाहेरच्या रिंगवर खड्डा पडला, की प्रत्येक गोळी त्यावरून जाताना ठोका देते, आणि तो ठोका त्यांना ऐकू येतो. हे ठोके मोजताही येतात. 6205 या बेअरिंगमध्ये नऊ गोळ्या असतात. त्याच्या मापांवरून हिशेब केला, तर शाफ्टच्या एका फेरीत बाहेरच्या रिंगवरच्या खड्ड्याला सुमारे 3.58 ठोके बसतात. मोटर मिनिटाला 1797 फेऱ्या घेत असेल, तर सेकंदाला 107 च्या आसपास. इंजिनीअरिंगला एम-थ्रीमध्ये फूरिये शिकताना तो कशासाठी, हे कुणी सांगितलं नव्हतं. तो यासाठी होता.

बेअरिंगचा बिघाड ओळखणारं मॉडेल बांधायला शिकताना जवळजवळ प्रत्येक जण अमेरिकेतल्या केस वेस्टर्न रिझर्व्ह विद्यापीठाच्या डेटापाशी पोचतो. मीही पोचलो. तिथे बेअरिंगमध्ये विजेच्या ठिणगीने, म्हणजे ईडीएमने, ठरावीक व्यासाचे खड्डे पाडले आणि मोटरवर वेगवेगळे लोड देऊन कंपनं नोंदवली. यातल्या बऱ्याच नोंदी सेकंदाला 12,000 वाचनांच्या आहेत. शिकाऊ माणूस त्या नोंदीचे 1024 वाचनांचे तुकडे पाडतो, तुकडे पिसतो, काही शिकवायला देतो आणि उरलेल्यांवर परीक्षा घेतो. निकाल शंभर टक्क्यांच्या जवळ येतो.

असा तुकडा म्हणजे शाफ्टच्या जेमतेम अडीच फेऱ्या. त्याच्या पुढचा तुकडा त्याच बेअरिंगचा, त्याच खड्ड्याचा, त्याच बसवणुकीचा असतो. पहिला शिकवणीत आणि दुसरा परीक्षेत गेला, तर पेपर आधीच फुटलेला असतो. मॉडेल बिघाड ओळखतंय की ते एक बेअरिंग ओळखतंय, हे त्या आकड्यावरून कळत नाही. लोडनुसार वाटणी केली तरी अडचण सुटत नाही, कारण वेगवेगळ्या लोडवर चालवलेलं बेअरिंग तेच होतं. बेअरिंगनुसार वाटणी केली, म्हणजे परीक्षेतलं बेअरिंग शिकवणीत मुळीच येऊ दिलं नाही, की आकडा बराच खाली येतो. मी दोन्ही करून पाहिलं आणि परिच्छेदात दोन्ही निकाल मांडले.

मला सांगायचं आहे ते इथे आहे. तुकड्यांनुसार केलेली वाटणी चुकीची आहे हे पायथन कधीच सांगत नाही. प्रोग्राम बिनतक्रार चालतो. बेअरिंग हातात धरलेल्या माणसाला ते लवकर खटकतं. म्हणून मेकॅनिकलची वर्षं ही या क्षेत्रात येताना झाकायची गोष्ट आहे, असं मला वाटत नाही.

परिच्छेद इंग्रजीत लिहिला. त्याचा आशय असा: ‘कंपनांवरून बेअरिंगचा बिघाड ओळखणारं मॉडेल मी बांधलं. तुकड्यांनुसार वाटणी केल्यावर ते जवळजवळ अचूक वाटलं, बेअरिंगनुसार केल्यावर नाही. हा फरक कुठून येतो, हे यंत्राच्या ज्ञानामुळे मला दिसलं. पण मोजकीच बेअरिंग हाताशी असताना अंदाजावर किती विश्वास ठेवायचा, हे सांगण्याइतकं संख्याशास्त्र माझ्याकडे नाही. ते शिकायला मी येतो आहे.’

शेवटची दोन वाक्यं अनेक जण गाळायला सांगतील. अर्जात उणीव दाखवू नये म्हणतील. मला ती सगळ्यांत गरजेची वाटतात. कारखान्यात बेअरिंग बिघडण्याआधीच बदलतात, त्यामुळे चांगल्या अवस्थेतल्या नोंदींचा ढीग असतो आणि खऱ्या बिघाडाच्या नोंदी मूठभर. एवढ्यावरून काय म्हणता येतं आणि काय नाही, हा प्रश्न पान्ह्याने सुटत नाही. त्यासाठी संभाव्यतेचा पाया नीट घालावा लागतो, आणि आमच्या अभ्यासक्रमात तो विषय धावत पार पडला होता. दोन वर्षं द्यायची तर याच कारणासाठी.

तुम्हीही मेकॅनिकलमधून असाच अर्ज लिहीत असाल, तर कोर्सची यादी रेझ्युमेत राहू द्या. परिच्छेदात तुमच्या यंत्राचं नाव घ्या, त्याचा डेटा कसा गोळा झाला ते लिहा, आणि मॉडेल कुठे अडलं तेही लिहा.