सीसी कोणाला ठेवायचं?

मध्यस्थ म्हटलं की मला गावचे पंच आठवायचे. दोघांचं ऐकायचं, मिशीवरून हात फिरवायचा आणि चूक कोणाची ते सांगून मोकळं व्हायचं! चाकणच्या एका कारखान्यात बाहेरून बोलावलेल्या मध्यस्थ बाईंच्या शेजारी निरीक्षक म्हणून बसायला मिळालं, आणि काय पाहिलं ते कोणाला सांगू नि कोणाला नको असं झालंय. बाईंनी दिवसभरात एकदाही कोण बरोबर ते सांगितलं नाही, तरी गाठ सुटली! (लिहायला दोघांची परवानगी आहे, ओळखीच्या खुणा बदलल्या आहेत.)

भांडण डिस्पॅचच्या दादांचं आणि क्वालिटीच्या मॅडमचं. गाडी संध्याकाळी 7 ला सुटायची आणि तपासणीचा रिपोर्ट पावणेसातला यायचा. मग एखाद्या दिवशी सहीआधीच माल गाडीत चढायचा, की लगेच मॅडमचा मेल, सीसीमध्ये प्लँट हेड. दोघांचं बोलणं कधीच बंद पडलेलं. एचआर विभाग मॅडमच्या बाजूचा, असं दादांना वाटायचं. प्लँट हेड दादांच्या जवळचे, असं मॅडमना. म्हणून बाहेरचं माणूस.

काम घेण्याआधी बाईंनी प्लँट हेडना थेट विचारलं, "कोणावर कारवाई करायचं आधीच ठरलंय का? ठरलं असेल तर मी येणार नाही." लैंगिक छळाची तक्रारही त्या अशी हाती घेत नाहीत, त्यासाठी 2013 च्या कायद्याची अंतर्गत समिती आहे. "मला रिपोर्ट मिळेल ना?" असं साहेबांनी विचारलं, तर बाई म्हणाल्या, "दोघं मिळून जे लिहून देतील तेवढंच मिळेल."

आधी दोघांना वेगवेगळं, प्रत्येकी तासभर. दादांना मॅडमची शिफ्ट बदलून हवी होती, मॅडमना दादांची लेखी माफी. बाई मागणीवर अडल्याच नाहीत. "हे मिळालं तर तुमचं काय सुटेल?" एवढंच विचारत राहिल्या. मग बाहेर आलं की ग्राहकाने एक लॉट परत पाठवला तेव्हा खुलासा मॅडमना द्यावा लागला होता, आणि तो लॉट त्यांनी तपासलेलाच नव्हता! आणि गाडी अडकली की वाहतूकदाराचे फोन दादांना. पण दादांना खरं लागलं होतं ते सीसी. "इतकी वर्षं काढली इथे, मला फोन करता येत नाही का?" उठताना बाईंनी दोघांनाही विचारलं, "यातलं काय मी पलीकडे सांगू आणि काय नको?" माझ्या वहीत हा प्रश्न दोनदा अधोरेखित आहे.

समोरासमोर बसल्यावर नियम एकच: एक बोलत असताना दुसऱ्याने तोडायचं नाही. दादा उसळून म्हणाले, "ह्या मुद्दाम गाडी अडवतात!" बाई शांतपणे, "म्हणजे गाडीला उशीर झाला की जाब तुम्हाला द्यावा लागतो." आरोप गळून पडला, अडचण तेवढी टेबलावर उरली! मॅडमनी मान वर करून पाहिलं. हे मी डोळ्यांनी पाहिलंय!

जेवणानंतर मात्र सगळं ठप्प. माफी हवीच, माफी नाहीच. बाईंनी दोघांना पुन्हा वेगळ्या खोल्यांत नेलं. समजूत घालतील असं मला वाटलं, तर त्यांनी एक कोरडा प्रश्न टाकला: "आज काहीच ठरलं नाही, तर सोमवारी संध्याकाळी पावणेसातला काय होईल?" दादा बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "तेच. पुन्हा मेल." मॅडमना विचारलं, की माफीचं पत्र हातात आलं तर सही न झालेला माल गाडीत चढायचा थांबेल का? त्या म्हणाल्या, "नाही थांबणार." आणि त्यांनीच पुढे सुचवलं की 5 पर्यंत पॅक झालेला माल तेव्हाच तपासायला घेता येईल. बाईंनी हे परस्पर दादांना सांगितलं नाही. मॅडमना म्हणाल्या, "तुम्हीच सांगा, तुमच्या तोंडून."

मग कागद. "सहकार्य करू" असलं वाक्य बाईंनी लिहूच दिलं नाही. कोण, काय, किती वाजता एवढंच. 5 पर्यंतचा माल आधी तपासायचा. हिरवं स्टिकर नसेल तर लोडिंग नाही. साडेसहापर्यंत रिपोर्ट नसेल तर दादांनी फोन करायचा. 5 नंतरच्या मालाचं काय? ती गाडी उशिरा सोडायचा अधिकार दोघांनाही नव्हता, म्हणून ते कलम प्लँट हेडकडे प्रस्ताव म्हणून गेलं. कशाचा अधिकार आपल्याकडे नाही, नेमकं हेच विसरलं की चांगले समेट पहिल्याच आठवड्यात फुटतात, असं बाई म्हणाल्या.

सर्वांत जास्त वेळ कोणत्या कलमाला लागला असेल? सीसी! शेवटी ठरलं: आधी फोन, त्याच दिवशी उत्तर नाही आलं तर मेल, आणि मेलमध्ये साहेब असतील तर तसं आधी सांगायचं. माफीचा शब्द कागदावर नाही. मॅडमनीच तो मुद्दा सोडला. चार आठवड्यांनी बाई पुन्हा येणार आहेत. तोवर दोघांनी फक्त एवढंच टिपून ठेवायचंय, की कोणत्या दिवशी साडेसहाचा फोन झाला नाही आणि का.